घाव की घरघर?

रस्ता फोडायचा ब्रेकर चालू असला की त्याचे घाव मिनिटाला साधारण हजार ते दीड हजार पडतात. दीड हजार धरले तर सेकंदाला २५. आता शेजारीच चार सिलिंडरची एखादी गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे असं समजा. तिचं इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल, तर फोर-स्ट्रोकच्या हिशेबानं दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला पुन्हा २५. ठेका एकच, पण ब्रेकर कोणता आणि गाडी कोणती हे सांगायला कुणालाही डोळे उघडावे लागत नाहीत. ब्रेकरचा प्रत्येक घाव तीक्ष्ण असतो. तो खर्जापासून अगदी वरच्या पट्टीपर्यंत एकदम फुटतो आणि लगेच विरतो. इंजिनाचे स्फोट मऊ असतात, खालच्या पट्टीत राहतात आणि एकमेकांत मिसळून त्यांची घरघर होते.

हा फरक संगणकाला शिकवायचा प्रयत्न गेली दहा-बारा वर्षं बऱ्याच ठिकाणी चालू आहे. त्यासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संग्रहांपैकी एक आहे ‘अर्बनसाउंड ८के’. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या जस्टिन सॅलमन, क्रिस्तोफर जेकबी आणि हुआन पाब्लो बेयो यांनी तो २०१४ मध्ये मांडला. त्यात शहरी आवाजांचे ८,७३२ तुकडे आहेत, प्रत्येक जास्तीत जास्त चार सेकंदांचा. वर्ग दहा: एसी, गाडीचा हॉर्न, खेळणारी मुलं, कुत्र्याचं भुंकणं, ड्रिल, उभ्या गाडीचं इंजिन, बंदुकीचा बार, ब्रेकर, सायरन आणि रस्त्यावरचं संगीत. ही यादी पाहिली तरी अडचण कुठे येणार ते कळतं. बार आणि सायरन यांत गल्लत व्हायची नाही. ब्रेकर, ड्रिल, इंजिन आणि एसी ही चार यंत्रं मात्र एकमेकांच्या फार जवळची आहेत. त्यांना वेगळं काढण्याचं निम्मं काम आवाज नेटवर्कला देण्याआधी, त्याचं चित्र कसं काढतो यावरच होऊन जातं.

चित्र का काढायचं? कॉन्व्होल्यूशनल नेटवर्क मुळात चित्रांसाठी घडलेलं आहे. छोटीशी चौकट चित्रभर फिरवत ते कडा, पट्टे, ठिपके शोधतं आणि त्यांतून मोठे आकार जुळवतं. रेकॉर्ड केलेला आवाज म्हणजे मात्र नुसती आकड्यांची रांग. सेकंदाला ४४,१०० नमुने या दरानं चार सेकंदांचे १,७६,४०० आकडे होतात. या रांगेचं दोन दिशांचं चित्र करायचं: आडव्या दिशेला काळ, उभ्या दिशेला कंप्रता, आणि प्रत्येक ठिपक्याची उजळी म्हणजे त्या क्षणी त्या कंप्रतेत किती ऊर्जा होती ते. यालाच स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. कंप्रतेची पट्टी मेल मापात आणि ऊर्जा लॉगॅरिदममध्ये मांडली की तो लॉग-मेल स्पेक्ट्रोग्राम होतो.

कृती सोपी आहे. आवाजाचा एक छोटा तुकडा घ्यायचा. त्याची लांबी म्हणजे विंडो. त्याच्या दोन्ही कडा हळूहळू शून्यावर आणायच्या, नाहीतर कापल्याचाच एक खोटा खटका गणितात शिरतो. या कामासाठी ‘हान’ नावाचा घंटेच्या आकाराचा वक्र सर्रास वापरतात. मग फूरिए रूपांतर करून त्या तुकड्यात कोणत्या कंप्रता किती आहेत ते काढायचं. चित्राचा एक उभा स्तंभ तयार झाला. आता काही नमुने पुढे सरकायचं, पुन्हा तेवढाच तुकडा घ्यायचा आणि पुढचा स्तंभ काढायचा. जितकं पुढे सरकलो तो हॉप.

म्हणजे ठरवायचे आकडे दोनच, विंडो आणि हॉप. हे दोन्ही आकडे दुसऱ्या कुणाच्या तरी प्रोग्रॅममधून जसेच्या तसे उचलले जातात आणि मग सगळी मेहनत नेटवर्कच्या थरांवर होते. मला हे उलटं वाटतं. जे चित्रातच उतरलं नाही, ते कितीही खोल नेटवर्कला सापडणार नाही.

आधी विंडो. फूरिए रूपांतराचा एक नियम कुणालाच चुकवता येत नाही. तुकडा जितका लांब, तितक्या जवळच्या दोन कंप्रता वेगळ्या दिसतात, पण त्या लांबीत काय केव्हा घडलं ते पुसलं जातं. तुकडा आखूड केला की वेळ नेमकी कळते आणि कंप्रता धूसर होते. ४४,१०० च्या दरानं १०२४ नमुन्यांची विंडो २३ मिलिसेकंदांची होते आणि तिच्यात कंप्रतेची घरं ४३ हर्ट्झच्या अंतरानं पडतात. ८१९२ नमुन्यांची विंडो १८६ मिलिसेकंदांची होते आणि घरं जेमतेम साडेपाच हर्ट्झच्या अंतरावर येतात.

आता ब्रेकर या दोन्हींतून पाहू. सेकंदाला २५ घाव म्हणजे दोन घावांमध्ये ४० मिलिसेकंद. २३ मिलिसेकंदांच्या विंडोत एका वेळी एकच घाव मावतो. त्यामुळे चित्रात उभ्या, उजळ रेघा ओळीनं उभ्या राहतात आणि त्यांच्यामध्ये काळोख असतो. १८६ मिलिसेकंदांच्या विंडोत एका वेळी चार-पाच घाव येतात. कुठूनही कापा, आत तेवढेच घाव, म्हणून प्रत्येक स्तंभ शेजारच्यासारखाच दिसतो आणि उभ्या रेघा नाहीशा होतात. त्यांच्या जागी २५, ५०, ७५, १०० अशा अंतरावर आडव्या रेघा उमटतात, कारण नियमित ठोक्यांचा लांब तुकडा गणिताच्या नजरेत २५ हर्ट्झचा सूर आणि त्याचे स्वरांश असतो. आपल्या कानाचंही काहीसं असंच आहे. टकटक सेकंदाला वीसच्या आसपास गेली की सुटे ठोके ऐकू येण्याऐवजी खर्जातला सूर ऐकू यायला लागतो. आवाज तोच असतो; तो घाव म्हणून दिसणार की सूर म्हणून, हे विंडोची लांबी ठरवते.

लांब विंडोत घाव गेले तरी रेघा मिळाल्या, मग बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. बिघडतं ते पुढच्या पायरीवर.

ती पायरी मेलची. १९३७ मध्ये स्टीव्हन्स, फोकमन आणि न्यूमन यांनी माणसांना सुरांची उंची जोखायला लावून हे माप बसवलं. १०० आणि २०० हर्ट्झमधला फरक आपल्याला ठळक जाणवतो, ८००० आणि ८१०० मधला जवळपास नाही. म्हणून मेल पट्टीत खालच्या कंप्रतांना जास्त घरं मिळतात आणि वर गेल्यावर एकेका घरात खूप कंप्रता कोंबल्या जातात. लिब्रोसा या पायथन लायब्ररीत ०ते २२,०५० हर्ट्झवर १२८ मेल पट्ट्या टाकल्या, तर खाली दोन पट्ट्यांच्या मध्यांमध्ये सुमारे ३१ हर्ट्झ अंतर असतं आणि ५००० हर्ट्झजवळ ते १६० हर्ट्झच्या पुढे जातं. प्रत्येक पट्टी त्रिकोणी असते आणि आपल्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या मध्यांपर्यंत पसरते. २५ हर्ट्झच्या अंतरानं काढलेल्या नाजूक रेघा यात टिकत नाहीत. अगदी तळाशीसुद्धा एका पट्टीत दोन-दोन रेघा एकत्र होतात, वर तर दहा-बारा.

म्हणजे लांब विंडोनं आधी घाव पुसले आणि त्या बदल्यात मिळालेल्या रेघा मेलनं पुसल्या. हातात एक गुळगुळीत, एकसारखा पट्टा उरला. त्या पट्ट्यातून ब्रेकर, ड्रिल आणि इंजिन यांना वेगळं करायला नेटवर्ककडे फक्त ‘कोणत्या उंचीवर किती ऊर्जा’ एवढाच धागा उरतो. खरं तर ब्रेकरचे घाव अगदी घड्याळासारखे नियमितही नसतात, त्यामुळे त्या रेघा मुळातच थरथरत्या असतात. माझ्या मते मेल पट्ट्या वापरायच्या असतील तर यंत्रांच्या आवाजासाठी फार लांब विंडो घेण्यात फायदा थोडा आणि तोटा मोठा आहे.

पण मग १०२४ घेऊन मोकळं व्हावं का? तिथेही थोडं थांबायला हवं. एसी आणि उभं इंजिन यांच्यातला फरक खालच्या पट्टीत असतो. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणून मोटर आणि ट्रान्स्फॉर्मरची गुणगुण १२० हर्ट्झवर येते, आणि ती एका ठिकाणी स्थिर राहते. हानच्या वक्रामुळे एकाच सुराची ऊर्जा शेजारच्या घरांतही पसरते, पायथ्याशी चार घरांच्या रुंदीत. १०२४ च्या विंडोत हा पसारा १७२ हर्ट्झचा होतो. १२० हर्ट्झची बारीक रेघ पार फुगते आणि इंजिनाच्या खालच्या गडगडाटात मिसळते. २०४८ घेतलं की पसारा निम्मा होतो. आणि ४६ मिलिसेकंदांच्या त्या विंडोत घाव तरीही वेगळे दिसतात, कारण हानचा वक्र कडांना वजनच देत नाही. विंडोचा खरा जोर मधल्या १७-१८ मिलिसेकंदांत असतो. ४०९६ वर गेलं की २५ चा ठेका चित्रातून जवळपास जातो. या चार यंत्रांसाठी म्हणून मी २०४८ निवडेन. पक्ष्यांच्या झटपट ताना किंवा माणसाचं बोलणं ओळखायचं असतं, तर हा आकडा वेगळा आला असता. बोलण्यासाठी २५ मिलिसेकंदांची विंडो आणि १० चा हॉप ही जोडी फार वर्षांपासून रूढ आहे, आणि तिथून ती बाकीच्या आवाजांच्या कामातही आली.

आता हॉप. याचा विचार विंडोपेक्षाही कमी होतो, कारण हॉप वाढवला की चित्र लहान होतं, मेमरी वाचते आणि प्रशिक्षण लवकर आटोपतं. सॅलमन आणि बेयो यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात विंडो १०२४ आणि हॉपही तेवढाच होता. त्यामुळे सुमारे तीन सेकंदांचा आवाज १२८ पट्ट्या आणि १२८ स्तंभांच्या नीट चौरसात बसतो. सोयीचा आकार आहे आणि त्या काळी त्यांना निकालही चांगला मिळाला. पण ब्रेकरच्या बाबतीत हा हिशेब करून पाहा. १०२४ च्या हॉपनं सेकंदाला ४३ स्तंभ मिळतात. एखादा ठेका खरा दिसायचा असेल, तर त्याच्या दुपटीहून जास्त स्तंभ हवेत. २५ साठी किमान ५० च्या वर. ४३ स्तंभांत २५ चा ठेका मावत नाही आणि तो ४३ वजा २५, म्हणजे १८ चा ठेका होऊन उमटतो. सिनेमात धावत्या गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, त्यातलाच हा प्रकार. शिवाय विंडो एकमेकींवर चढत नसल्यामुळे दोघींच्या सीमेवर पडलेला घाव दोन्हीकडे जवळपास शून्य वजनाचा होतो आणि फिका पडतो. काही घाव ठळक, काही पुसट, अशी एक विचित्र लय चित्रात दिसते, जी मूळ आवाजात नाहीच.

नेटवर्क ही खोटी लयसुद्धा शिकेल, आणि एकाच ब्रेकरवर ती बरोबरही ठरेल. पण दुसरा ब्रेकर सेकंदाला २० घाव घालत असेल, तर तो २० म्हणूनच दिसेल, कारण २० हे ४३ च्या निम्म्याच्या आत आहे. खऱ्या जगात मंद असलेला ब्रेकर चित्रात जलद आणि जलद असलेला मंद! अशा उदाहरणांतून नियम शिकणं नेटवर्कला विनाकारण अवघड होतं.

म्हणून हॉप ४४१ नमुन्यांचा, म्हणजे बरोबर १० मिलिसेकंदांचा घेऊ. सेकंदाला १०० स्तंभ, दर घावाला चार. नेटवर्कची ३ × ३ ची चौकट ३० मिलिसेकंदांवर पडते, म्हणजे एक उजळ रेघ आणि तिच्या शेजारचा काळोख तिला एकदम दिसतो. पहिल्याच थरानंतर स्तंभ निम्मे केले, तर दर घावाला दोनच उरतात आणि आपण पुन्हा त्याच काठावर येतो. म्हणून काळाच्या दिशेनं स्तंभ कमी करण्याआधी दोन थर तरी पूर्ण बारकाव्यानं चालू द्यावेत. हॉप बदलला की चौकटीचा काळातला आवाका आपोआप बदलतो, हे ध्यानात ठेवावं. २० मिलिसेकंदांच्या हॉपवर तीच चौकट ६० मिलिसेकंद पाहते आणि एका घावाऐवजी दीड घाव पाहते.

सगळं मिळून प्रोग्रॅम एवढाच होतो:

```python
import librosa

y, sr = librosa.load("breaker.wav", sr=44100, mono=True)
S = librosa.feature.melspectrogram(
    y=y, sr=sr, n_fft=2048, hop_length=441, n_mels=128)
L = librosa.power_to_db(S, ref=1.0, amin=1e-10, top_db=None)
print(L.shape)
```

चार सेकंदांच्या तुकड्यावर हा `(128, 401)` असं छापतो: १२८ मेल पट्ट्या आणि ४०१ स्तंभ. ४०० ऐवजी ४०१, कारण लायब्ररी दोन्ही टोकांना थोडी भर घालून पहिला स्तंभ शून्य सेकंदावर मध्यभागी धरते.

`librosa.load` च्या ओळीतलं `sr=44100` महत्त्वाचं आहे. या संग्रहातल्या फायली लोकांनी फ्रीसाउंड या संकेतस्थळावर टाकलेल्या रेकॉर्डिंगमधून घेतल्या आहेत, आणि त्यांचे नमुना-दर वेगवेगळे आहेत. २०४८ नमुने म्हणजे ४६ मिलिसेकंद हे फक्त ४४,१०० च्या दराला खरं. १६,००० च्या फाईलवर तेच २०४८ नमुने १२८ मिलिसेकंद होतात आणि घाव गायब होतात. म्हणून आधी सगळ्या फायली एका दरावर आणायच्या, मग विंडो. तरीही १६,००० वरून वर आणलेल्या फाईलमध्ये ८,००० हर्ट्झच्या वर काहीच नसतं. चित्राचा माथा काळा राहतो. एखाद्या वर्गात अशा फायली जास्त असल्या, तर नेटवर्क आवाजाऐवजी तो काळा माथाच ओळखायला शिकू शकतं. वर्गवार सरासरी चित्रं काढून शेजारी ठेवली की हे लगेच दिसतं.

`power_to_db` च्या ओळीत लॉगॅरिदम आहे. ब्रेकरचा घाव आणि मागची शांतता यांच्या ऊर्जेत लाखो-कोटी पटींचा फरक असू शकतो. सरळ मापात काढलेल्या चित्रात चार-दोन पांढरे ठिपके आणि बाकी अंधार दिसेल. डेसिबलमध्ये गुणाकाराची बेरीज होते, आणि त्याचा एक सुंदर उपयोग होतो. मोकळ्या जागेत ब्रेकरपासून दुप्पट अंतरावर गेलं की तीव्रता चौथाई होते, म्हणजे चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातून सुमारे ६ डेसिबल वजा होतात. रेघांचा आकार तसाच राहतो, फक्त सगळं चित्र एकसारखं मंद होतं, आणि असा बदल नेटवर्कला सहज पचतो.

इथेच एक सापळा आहे. पुष्कळ उदाहरणांत `ref=np.max` लिहिलेलं असतं, म्हणजे प्रत्येक तुकड्यातला सर्वांत मोठा आवाज शून्य डेसिबल धरायचा. चित्र छान दिसतं, पण शांत खोलीतल्या पंख्याची पुटपुट आणि कानठळ्या बसवणारा ब्रेकर एकाच उजळीचे होतात. खांबावर माइक लावून रात्रभर ऐकायचं असेल, तर मध्यरात्रीची शांतताही फुगवून नेटवर्कपुढे ठेवली जाते आणि ते तिच्यात कुठलं तरी यंत्र शोधून काढतं. म्हणून वर `ref=1.0` ठेवलं आहे. सरासरी आणि विचलन प्रशिक्षणाच्या सगळ्या तुकड्यांवर एकदाच मोजायचं आणि तेच पुढेही वापरायचं.

दुसरा सापळा लांबीचा. बंदुकीचा बार किंवा कुत्र्याचं भुंकणं अनेकदा चार सेकंदांपेक्षा खूप कमी असतं, आणि उरलेली जागा शून्यांनी भरली जाते. शून्याचा लॉग काढता येत नाही, म्हणून `amin` त्याला उणे १०० डेसिबलवर अडवतं. कुठल्याही खऱ्या रेकॉर्डिंगमध्ये इतकी शांतता नसते. त्या काळ्याकुट्ट पट्टीमुळे सरासरी खाली ओढली जाते हे एक. त्याहून वाईट म्हणजे ‘उजवीकडे काळी पट्टी असेल तर बार’ हा सोपा नियम नेटवर्कच्या हाती लागतो. हे तपासायला ब्रेकरचा एक सेकंदाचा तुकडा कापा, तीन सेकंद शून्यं जोडा आणि उत्तर पाहा. ते ‘बार’ किंवा ‘कुत्रा’कडे सरकलं, तर नेटवर्क आवाज न ऐकता पट्टी पाहतंय. अशा वेळी छोटा तुकडाच पुन्हा पुन्हा जोडून लांबी भरणं, किंवा शून्यांऐवजी मंद पार्श्वध्वनी घालणं बरं.

वेगवेगळ्या विंडोंची तुलना करताना या संग्रहाचे ठरवून दिलेले दहा भाग मोडू नयेत. एकाच मूळ रेकॉर्डिंगमधून कापलेले तुकडे त्यांत एकाच भागात ठेवलेले आहेत. सगळं मिसळून पुन्हा वाटलं, तर त्याच ब्रेकरचा एक तुकडा शिकवायला आणि दुसरा परीक्षेला येतो. गुण भरघोस मिळतात आणि विंडोबद्दल काहीच कळत नाही. आणि निकाल दहाही भागांवर पाहावा, कारण एका भागावर दिसलेली सुधारणा दुसऱ्यावर नाहीशी होऊ शकते.

आणखी एक जागा आहे, जिथे चूक गुपचूप होते. शिकवताना लिब्रोसा आणि वापरताना टॉर्चऑडिओ, असं बऱ्याचदा घडतं. दोन्हींमध्ये ‘मेल’ असं लिहिलेलं असलं तरी न सांगता धरलेलं माप वेगळं आहे: लिब्रोसा `slaney`, टॉर्चऑडिओ `htk`. चित्राचा आकार १२८ × ४०१ असाच येतो, कुठलीही एरर दिसत नाही, पण प्रत्येक पट्टीची कंप्रता थोडी सरकलेली असते. टॉर्चऑडिओत `mel_scale="slaney"` आणि `norm="slaney"` ही दोन्ही स्पष्ट लिहावी लागतात. आणि विंडो १०२४ ठेवून `htk` मापात १२८ पट्ट्या टाकल्या, तर तळाच्या काही पट्ट्या ३८ हर्ट्झ रुंद आणि घरं ४३ हर्ट्झ अंतरावर असा घोळ होतो. ज्या पट्टीत एकही घर पडत नाही ती चित्रात कायमची कोरी राहते. तळाशी मधूनच आडवी, चित्रभर एकसारखी काळी रेघ दिसली, तर हेच झालेलं असतं. पट्ट्या ६४ कराव्यात किंवा विंडो वाढवावी.

न्यूयॉर्कच्या आवाजांवर बेतलेलं असं नेटवर्क पुण्यात किंवा ठाण्यात आणायचं झालं तर एसीपासून सुरुवात करावी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण १२० ऐवजी १०० हर्ट्झवर येते. तळाच्या पट्ट्यांमध्ये अंतर ३१ हर्ट्झ आहे, त्यामुळे हे २० हर्ट्झ सरकणंही ऊर्जेचा बराचसा भाग शेजारच्या पट्टीत नेऊन टाकतं. इंजिनाचं तसं नाही. ते विजेच्या तारेला बांधलेलं नसतं आणि त्याचा वेग गाडीगणिक वेगळा, म्हणून नेटवर्कनं तिथे आधीच विविधता पाहिलेली असते. ब्रेकरचंही तेच. इथल्या एसीचे थोडे तुकडे शिकवण्यात मिसळून पुन्हा प्रशिक्षण देणं हा सरळ मार्ग आहे, आणि त्यासाठी विंडो किंवा हॉप बदलायची गरज नाही.